वरच्या मजल्याकडे जाणारी एकच तार

भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या मध्यम कारखान्यांची मांडणी बऱ्याचदा सारखी असते. तळमजल्यावर यंत्रं, त्याला लागून स्टोअर आणि हिशेब विभाग, कोपऱ्यातल्या वातानुकूलित खोलीत सर्व्हर. वरच्या मजल्यावर डिझाइन विभाग. तिथे अठरा जण अठरा संगणकांवर ड्रॉइंग आणि थ्री-डी मॉडेल करतात, आणि त्यांच्या साऱ्या फाइली खालच्या सर्व्हरवर असतात.

अशा कार्यालयातली तक्रारही ठरलेली असते. सकाळी साडेनऊला सगळे जागेवर बसतात, कालची असेंब्ली उघडतात आणि पडद्यावरचं वर्तुळ फिरत राहतं. पाच मिनिटं होतात, दहा होतात. अकराच्या सुमारास सगळं सुरळीत चालू लागतं. संध्याकाळी पाच-साडेपाचला, घरी जाण्याआधी सगळे काम जतन करतात तेव्हा पुन्हा तेच. खाली हिशेब विभागात मात्र कुणाचीच कुरकुर नसते.

मग उपाय सुरू होतात. आधी दोष इंटरनेटवर येतो आणि शंभर मेगाबिटचा प्लॅन तीनशेचा होतो. फरक पडत नाही. मग संगणक जुने झाले असं ठरतं, त्यात रॅम वाढते, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसते. सकाळचे साडेनऊ तसेच राहतात. सर्व्हर बदलण्याचं कोटेशन मागवलं जातं. या साऱ्या खटाटोपात वरच्या मजल्यावरचा स्विच आणि खालचा मुख्य स्विच यांना जोडणाऱ्या एका तारेकडे कुणाचं लक्ष गेलेलं नसतं. वरच्या अठरा संगणकांचा प्रत्येक बिट तिच्यातूनच खाली जातो आणि वर येतो. या तारेला अपलिंक म्हणतात.

खोक्यावरचा आकडा

स्विचच्या खोक्यावर ‘२४ पोर्ट गिगाबिट’ असं छापलेलं असतं. ते खोटं नसतं, पण वाचणारा त्यातून भलताच अर्थ काढतो. चोवीसपैकी प्रत्येक पोर्ट सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिट, इतक्या वेगाने देवाणघेवाण करू शकतो. एकाच स्विचवरचे दोन संगणक एकमेकांशी बोलत असतील तर शेजारच्या दुसऱ्या जोडीमुळे त्यांचा वेग कमी होत नाही. पण त्या स्विचवरच्या अठराही जणांना स्विचच्या बाहेरच्या एकाच ठिकाणी जायचं असेल, तर त्यांच्या वाट्याला एकच पोर्ट येतो. खोक्यावरचा आकडा प्रत्येक पोर्टचा असतो. बाहेर जाणाऱ्या वाटेचा हिशेब खोक्यावर नसतो, तो जोडणी करणाऱ्याने मांडायचा असतो.

हा हिशेब राहून जातो त्यामागे थोडा इतिहास आहे. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात इथरनेटचा जन्म झाला, तेव्हा सगळे संगणक एकाच जाड केबलला जोडलेले असत. एक बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचं, आणि दोघं एकदम बोलले तर दोघांनी थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, असा नियम होता. पुढे केबलच्या जागी हब आले, तरी वाटणी तीच राहिली. दहा मेगाबिटमध्ये अख्खं कार्यालय चालायचं.

हे चित्र बदललं ते कल्पना नावाच्या अमेरिकी कंपनीमुळे. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी ती स्थापन केली होती. कंपनीला नाव दिलं होतं भारद्वाज यांच्या पत्नीचं. १९९०च्या सुमारास या कंपनीने सात पोर्टचा ‘इथरस्विच’ बाजारात आणला. बहुपोर्टी इथरनेट स्विच म्हणून तो पहिला मानला जातो. कुठला संगणक कुठल्या पोर्टवर आहे हे तो लक्षात ठेवी आणि ज्याची माहिती त्यालाच पोहोचवी, त्यामुळे बाकीचे पोर्ट मोकळे राहत. १९९४ साली सिस्को कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली.

स्विचच्या पोटातली वाटणी तेव्हापासून संपली. एका स्विचकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या तारेवर मात्र ती आजही शिल्लक आहे, आणि कार्यालय जितक्या मजल्यांवर पसरतं तितक्या ठिकाणी ती पुन्हा उभी राहते.

अठरा फाइलींचं गणित

आता वरच्या मजल्यावरची सकाळ आकड्यांत मांडता येईल. त्याआधी एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. तारेचा वेग बिटांत सांगितला जातो आणि फाइलचा आकार बाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून एक गिगाबिटची तार सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट वाहते. प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्यांचा आणि पाकिटांमधल्या मोकळ्या जागेचा खर्च वजा केला, की प्रत्यक्ष फाइलसाठी साधारण ११७ मेगाबाइट उरतात. शंभर मेगाबिटच्या तारेवर हाच आकडा पावणेबाराच्या आसपास येतो.

एका असेंब्लीचा आकार ४०० मेगाबाइट धरू. एकट्या माणसाने ती गिगाबिट तारेवरून उघडली तर साडेतीन सेकंदांत ती त्याच्या संगणकात पोहोचते. अठरा जणांनी एकदम उघडली तर एकूण ७,२०० मेगाबाइट त्याच तारेतून जायचे असतात. त्याला एक मिनिट आणि वर एखादा सेकंद लागतो. एवढं कुणी सहज सोसेल. त्यावरून दहा मिनिटं वर्तुळ फिरत राहण्याची तक्रार होणार नाही.

पण हीच तार शंभर मेगाबिटवर चालत असेल, तर ७,२०० मेगाबाइटना ६१५ सेकंद लागतात. म्हणजे सव्वादहा मिनिटं. साडेनऊची तक्रार या आकड्याशी तंतोतंत जुळते.

आता त्याच वरच्या स्विचवर कारखान्याचे सोळा सीसीटीव्ही कॅमेरे जोडलेले आहेत असं समजू. वायरमनला कॅमेऱ्यांसाठी तो स्विच जवळ पडला, आणि रेकॉर्डिंग करणारं यंत्र खाली सर्व्हरच्या खोलीत आहे. एका साध्या एचडी कॅमेऱ्याला सेकंदाला सुमारे चार मेगाबिट लागतात. सोळा कॅमेऱ्यांचे झाले ६४ मेगाबिट, तेही दिवसरात्र.

इथे एक बारकावा आहे. आजच्या इथरनेट तारेत येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी असते आणि दोन्ही वाटांना पूर्ण वेग मिळतो. कॅमेऱ्यांचं चित्र वरून खाली जातं, तर फाइल उघडताना माहिती खालून वर येते. त्यामुळे सकाळी फाइल उघडताना कॅमेरे फारसे आड येत नाहीत. संध्याकाळी काम जतन करताना मात्र फाइलीही वरून खाली निघतात आणि त्यांच्या वाट्याला शंभरातले जेमतेम तीस मेगाबिट उरतात. मग एकट्याने चारशे मेगाबाइटची फाइल जतन केली तरी पावणेदोन मिनिटं लागतात. उघडण्यापेक्षा जतन करणं जास्त रेंगाळत असेल, तर त्या वाटेवर दुसरं कोण सतत चालतंय हे शोधायला हवं.

चोवीसास एक हे प्रमाण चालतं का?

हे गणित पाहून कुणाला वाटेल, की चोवीस पोर्टांसाठी एक गिगाबिटची अपलिंक ठेवणं हीच मुळात चूक आहे. तसं नाही. नेटवर्कची आखणी करणारे हे प्रमाण जाणूनबुजून ठेवतात. सिस्कोच्या जुन्या आराखडा-मार्गदर्शिकांत संगणकांच्या स्विचपासून त्याच्या वरच्या स्विचपर्यंत वीसास एक हे प्रमाण बेताचं मानलेलं आहे. कार्यालयातला संगणक दिवसभर पूर्ण वेगाने माहिती ओढत नसतो. पत्र लिहिणारा, टॅलीमध्ये नोंदी करणारा, ई-मेल वाचणारा माणूस सेकंदभर तार वापरतो आणि नंतर मिनिटभर ती मोकळी असते. सगळ्यांचे ते सेकंद एकाच वेळी येत नाहीत, म्हणून एका तारेवर वीस-पंचवीस जणांचं काम निभतं.

हे गृहीतक दोन परिस्थितींत मोडतं. पहिली, सगळ्यांचं काम एकाच घटकेला येतं तेव्हा: पाळी सुरू होताना, दुपारी बाराला सगळ्या संगणकांचा बॅकअप लावलेला असेल तेव्हा, किंवा प्रत्येक संगणक एकाच दिवशी विंडोजचं अपडेट उतरवू लागतो तेव्हा. दुसरी, काम मुळातच जड असतं तेव्हा: थ्री-डी मॉडेल, व्हिडिओचं संकलन, एक्स-रे आणि एमआरआयच्या प्रतिमा, कॅमेऱ्यांचं अखंड चित्रण. वकिलाच्या कार्यालयाला एक गिगाबिटची अपलिंक वर्षानुवर्षं पुरेल. डिझाइन विभागाला ती पुरेलच असं नाही.

प्रमाण बिघडवणारी आणखी एक सवय म्हणजे साखळी. खोलीत जागा कमी पडली की भिंतीवरच्या पोर्टला आठ पोर्टचा छोटा स्विच लावायचा, पुढच्या वर्षी त्यालाच आणखी एक. तिसऱ्या स्विचवरच्या माणसाची माहिती तीन अपलिंकांतून जाते, आणि मुख्य स्विचला भिडणाऱ्या तारेवर तिन्ही स्विचवरच्या सगळ्यांचा भार येतो. त्यातला मधला एखादा स्विच जुना, शंभर मेगाबिटचा असेल, तर त्याच्या पलीकडच्या कुणालाही त्यापेक्षा जास्त वेग मिळत नाही.

आठ तारांतल्या चार

दोन्ही स्विच गिगाबिटचे असताना मधली तार शंभरवर का घसरते? उत्तर बहुधा प्लगच्या टोकाशी सापडतं. इथरनेटच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, पिळलेल्या चार जोड्यांत. १९९५ साली मान्य झालेल्या शंभर मेगाबिटच्या पद्धतीला त्यातल्या दोनच जोड्या लागतात. १९९९ साली तांब्याच्या केबलवर गिगाबिट आलं, त्याला चारही जोड्या लागतात.

त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार क्रिम्पिंग करताना नीट बसली नसेल, फॉल्स सीलिंगमध्ये उंदराने कुरतडली असेल, किंवा जुन्या काळी पैसे वाचवण्यासाठी एकाच केबलच्या दोन जोड्या संगणकाला आणि उरलेल्या टेलिफोनला दिल्या असतील, तर गिगाबिट जमत नाही. आजकालचे बरेच स्विच अशा वेळी तार बंद पडू देत नाहीत. ते मुकाट शंभरवर उतरतात. दिवा लुकलुकत राहतो, इंटरनेट चालतं, प्रिंटर चालतो, आणि तार सदोष आहे हे कुणाला कळत नाही. तार पूर्ण तुटली असती तर त्याच दिवशी माणूस बोलावला गेला असता. अर्धवट चालल्यामुळे ती तशीच दोन-दोन वर्षं राहते.

दुसरं कारण माणसाच्या हातचं असतं. एखाद्या जुन्या अडचणीच्या वेळी कुणीतरी एका स्विचच्या पोर्टचा वेग हाताने ‘१०० फुल’ असा पक्का केलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला तो आपोआप ठरतो. आपोआप ठरवणाऱ्याला समोरून उत्तर मिळत नाही, तेव्हा तो नियमानुसार ‘हाफ डुप्लेक्स’ धरतो, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने बोलणं. एक टोक येणं-जाणं एकदम करतं, दुसरं टोक त्याला टक्कर समजून थांबतं. अशी तार शंभरचाही वेग देत नाही. भार वाढला की ती आणखी ढेपाळते. दोन्ही टोकं आपोआप ठरवण्यावर ठेवली की हा प्रश्न सुटतो.

मोजमाप

वरच्या मजल्यावरच्या कुठल्याही संगणकात नेटवर्कची माहिती उघडली, तर तिथे १००० मेगाबिट असंच दिसेल. पुष्कळ जण इथेच फसतात. संगणकाला फक्त त्याची स्वतःची स्विचपर्यंतची तार दिसते. त्या पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून मोजमाप टप्प्याटप्प्याने करावं लागतं.

सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे एक मोठी फाइल, चारेक गिगाबाइटची, सर्व्हरवरून आपल्या संगणकावर कॉपी करणं. विंडोज कॉपी करताना सेकंदाला किती मेगाबाइट जात आहेत ते दाखवतं. कार्यालयात कुणी नसताना हा आकडा शंभर-एकशेदहाच्या आसपास आला तर मधली वाट गिगाबिटची आहे. अकरा-बारावर येऊन तो काटा सरळ रेषेत थबकला, तर वाटेत कुठेतरी शंभर मेगाबिटचा तुकडा आहे हे जवळजवळ नक्की. इंटरनेटचा तीनशेचा प्लॅन असून वरच्या मजल्यावर स्पीड टेस्टचा आकडा ९४-९५च्या वर कधीच जात नसेल, तर तोही याच दोषाकडे बोट दाखवतो. प्लॅन वाढवूनही काही फरक का पडला नाही, याचा उलगडा तिथे होतो.

फाइल कॉपी करण्यात डिस्कचा वेगही मिसळतो. नुसती तार मोजायची असेल तर नेटवर्कचं काम करणारे ‘आयपर्फ’ नावाचं मोफत साधन वापरतात. एका संगणकावर ते ऐकत बसतं, दुसऱ्यावरून अर्धा मिनिट माहितीचा मारा होतो आणि वेग समोर येतो. खालच्या संगणकाचा पत्ता 192.168.10.5 असेल, तर दोन्हीकडच्या आज्ञा अशा:

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.10.5 -t 30
```

पहिली खालच्या संगणकावर, दुसरी वरच्या. चाचणी दोनदा घ्यायची. आधी वरच्याच मजल्यावरच्या दोन संगणकांमध्ये, मग वरच्या आणि खालच्या संगणकामध्ये. निरोगी गिगाबिट तारेवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा येतो, शंभरच्या तारेवर ९४च्या आसपास. आपल्या नमुन्यातल्या कारखान्यात वर-वर ९४१ आणि वर-खाली ९४ असे आकडे आले, तर संगणक, त्यांच्या तारा आणि वरचा स्विच निर्दोष ठरतात. दोष मजल्यामधल्या तारेत किंवा तिच्या दोन टोकांत आहे. दुसऱ्या आज्ञेच्या शेवटी `-R` लावलं की माहिती उलट्या दिशेने धावते आणि खालून वर येण्याचा वेग कळतो. दोन्ही दिशा मोजल्या की कॅमेऱ्यांसारखा एकाच दिशेचा भारही उघडा पडतो.

यानंतरचं काम तासाभराचं असतं. पॅच कॉर्ड बदलून पाहायची, प्लग नव्याने क्रिम्प करायचे, केबल टेस्टरवर आठही तारा तपासायच्या. पुन्हा मोजल्यावर ९४१ आलं, की सव्वादहा मिनिटांचं एक मिनिट होतं. नवा सर्व्हर न घेता.

सरासरी काय लपवते

एक मिनिटाची वाटही नको असेल, तर पुढचं पाऊल अपलिंकवर किती भार येतो हे पाहण्याचं. ज्यात आत शिरून आकडे बघता येतात अशा मॅनेज्ड स्विचवर दर पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख काढण्याची पद्धत रूढ आहे. सकाळच्या त्या एका मिनिटात तार काठोकाठ भरलेली असते आणि पुढची चार मिनिटं जवळजवळ रिकामी. पाच मिनिटांची सरासरी निघते वीस टक्के. तासाची काढली तर दोन टक्क्यांच्याही खाली. आलेख पाहणारा म्हणतो, तार तर मोकळीच आहे. दादरला लोकल लागल्यावर दोन मिनिटं पूल गच्च भरतो, पण दिवसभराची सरासरी काढली तर त्यावर भरपूर जागा दिसेल; तसंच हे.

म्हणून सरासरीच्या जोडीला दुसरा एक आकडा पाहावा लागतो, तो टाकून दिलेल्या पाकिटांचा. स्विचवर तो `output drops` किंवा `discards` अशा नावाने दिसतो. स्विचकडे पाकिटं क्षणभर थांबवून ठेवण्यापुरती स्मृती असते, तिला बफर म्हणतात. साध्या स्विचमध्ये ती सगळ्या पोर्टांत मिळून अर्ध्या मेगाबाइटइतकीही असू शकते. सर्व्हर गिगाबिटने माहिती ओतत असेल आणि पुढची अपलिंक शंभरची असेल, तर अर्धा मेगाबाइट भरायला पाच मिलिसेकंदही लागत नाहीत. त्यानंतर येणारं पाकीट स्विच टाकून देतो. पाठवणाऱ्याला ते पोहोचलं नाही हे उमगतं, तो वेग कमी करतो आणि ते पुन्हा पाठवतो. फाइल शेवटी पूर्ण पोहोचते, फक्त उशिरा.

हा आकडा कुठल्या स्विचवर पाहायचा हेही दिशेवर अवलंबून असतं. रांग नेहमी अरुंद वाटेच्या तोंडाशी लागते. फाइली उघडताना ती खालच्या स्विचवर, वर जाणाऱ्या पोर्टवर लागते. जतन करताना वरच्या स्विचवर, खाली जाणाऱ्या पोर्टवर. चुकीच्या टोकाला पाहिलं तर शून्य दिसतं आणि तपास भरकटतो.

फाइलला उशीर चालतो, आवाजाला चालत नाही. इंटरनेटवरून चालणाऱ्या कार्यालयीन फोनला सेकंदाला शंभर किलोबिटही लागत नाहीत. पण त्याची छोटी पाकिटं दर वीस मिलिसेकंदांनी निघतात, आणि फाइलींच्या गर्दीत त्यातली काही टाकली गेली की पलीकडच्याला तुटक शब्द ऐकू येतात. आवाजाच्या पाकिटांवर खूण करून त्यांना रांगेत पुढे सोडण्याची सोय मॅनेज्ड स्विचमध्ये असते. तिने फोन सुधारतो. अपलिंक मात्र तेवढीच राहते, फाइलींना लागणारा वेळ त्यामुळे कमी होत नाही.

दुसरी तार जोडताना

एक तार अपुरी पडते म्हटल्यावर सहज सुचतं, की तिच्या शेजारी दुसरी जोडावी. साध्या, अनमॅनेज्ड स्विचवर असं केलं तर सगळं कार्यालय काही सेकंदांत ठप्प होऊ शकतं. सगळ्यांना उद्देशून पाठवलेलं पाकीट एका तारेने वर जातं, दुसरीने खाली येतं, पुन्हा वर जातं. इथरनेटच्या पाकिटावर ‘इतक्या फेऱ्यांनंतर संपव’ अशी मर्यादा लिहिलेली नसते, त्यामुळे ते फिरत आणि वाढतच राहतं. सगळ्या पोर्टांचे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकू लागले तर ही शंका पहिली घ्यावी आणि दुसरी तार काढावी.

यावरचा तोडगा रेडिया पर्लमन या अमेरिकी संगणकतज्ज्ञ महिलेने १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत काम करताना शोधला. त्याला ‘स्पॅनिंग ट्री’ म्हणतात. स्विच एकमेकांशी बोलून फेरा ओळखतात आणि जादा वाट बंद ठेवतात. पहिली तार तुटली तर दुसरी चालू होते. म्हणजे सुरक्षितता मिळते, पण वेग एकाच तारेचा राहतो.

दोन्ही तारा एकदम वापरायच्या तर दोन्ही टोकांच्या स्विचना सांगावं लागतं, की या दोन मिळून एकच समजा. ही कल्पनाही आधी उल्लेखलेल्या ‘कल्पना’ कंपनीतच पुढे आली. २००० साली ती जागतिक मानक झाली आणि आज तिला ‘लिंक अॅग्रिगेशन’ म्हणतात. तिच्या दोन मर्यादा मात्र विकत घेण्याआधी माहीत हव्यात. एक, कुठल्याही एका देवाणघेवाणीची पाकिटं एकाच तारेने जातात, म्हणजे त्यांचा क्रम बिघडत नाही. त्यामुळे एकट्याची मोठी फाइल पूर्वीइतकाच वेळ घेते. फायदा होतो तो अनेकांच्या बेरजेला. दोन, कोण कुठल्या तारेने जाणार हे स्विच पत्त्यावरून ठरवतो. तो फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता पाहत असेल आणि पाठवणारा एकच सर्व्हर असेल, तर सगळी माहिती एकाच तारेवर चढते आणि दुसरी रिकामी राहते. पाठवणारा आणि घेणारा अशा दोघांचे पत्ते मिळून निवड होईल अशी मांडणी करावी लागते.

अरुंद जागा सरकते तेव्हा

आपल्या नमुन्यात अपलिंक गिगाबिटवर आली, तरी तिच्या जोडीला दुसरी तार घालून सकाळच्या फाइली लवकर उघडणार नाहीत. कारण सर्व्हरची खालच्या स्विचपर्यंतची स्वतःची तारही एकाच गिगाबिटची आहे. अठरा जणांना ११७ मेगाबाइट वाटून देणारी जागा आता ती आहे. अपलिंक रुंद करायची तर सर्व्हरची तारही सोबत रुंद करावी लागते. एकटीवर केलेला खर्च वाया जातो.

दहा गिगाबिटची अपलिंक आज मध्यम कार्यालयाच्या आवाक्याबाहेरची राहिलेली नाही. बऱ्याच चोवीस पोर्टी स्विचवर कडेला दोन किंवा चार वेगळे खाचेवजा पोर्ट असतात, ते याचसाठी. त्यांना एसएफपी प्लस म्हणतात. खरेदीच्या वेळी मात्र ‘प्लस’ आहे ना हे पाहावं, कारण तशाच दिसणाऱ्या साध्या एसएफपी पोर्टचा वेग एक गिगाबिटच असतो. एकाच रॅकमधल्या जोडणीला काही मीटरची तयार तांब्याची केबल पुरते. मजल्यांमध्ये ऑप्टिकल फायबर टाकावं; ओएम-थ्री जातीच्या फायबरवर दहा गिगाबिट तीनशे मीटरपर्यंत जातं, आणि कारखान्यातल्या मोटारी-वेल्डिंगच्या विद्युत गोंगाटाचा त्यावर परिणाम होत नाही. तांब्याचीच केबल वापरायची तर कॅट-सिक्सवर दहा गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत आणि कॅट-सिक्स-ए वर शंभर मीटरपर्यंत मिळतं. जुनी कॅट-फाइव्ह-ई केबल बदलणं शक्यच नसेल, तर २०१६ साली मान्य झालेल्या अडीच गिगाबिटच्या पद्धतीवर तीच केबल शंभर मीटरपर्यंत चालते. दोन्ही टोकांचे पोर्ट तेवढे तसे हवेत.

अपलिंक आणि सर्व्हर दोन्ही दहा गिगाबिटवर नेले, तर ७,२०० मेगाबाइट कागदावर सहा-सात सेकंदांत जायला हवेत. प्रत्यक्षात तेव्हा सर्व्हरच्या डिस्कची पाळी येते. साध्या साटा एसएसडीवरून सेकंदाला पाचशेच्या थोडं वर मेगाबाइट वाचले जातात, म्हणजे अठरा फाइलींना चौदा सेकंद लागतात. फिरती हार्डडिस्क असेल तर तिला अठरा ठिकाणांहून एकदम वाचताना तिचा नेहमीचा दीडशे-दोनशेचा वेगही राखता येत नाही, आणि मग दहा गिगाबिटची तार बसवून सकाळ तशीच रेंगाळलेली राहील. दुसऱ्या टोकाला, डिझाइनरच्या संगणकाची स्वतःची तार गिगाबिटची असेतोवर एका फाइलला साडेतीन सेकंदांपेक्षा कमी वेळ लागणार नाही.

कॅमेऱ्यांसाठी मात्र यातलं काहीच करावं लागत नाही. त्यांचा वेगळा स्विच आणि रेकॉर्डरपर्यंत वेगळी तार दिली, की वरच्या मजल्याच्या अपलिंकवरचा ६४ मेगाबिटचा कायमचा भार उतरतो. दुपारचा बॅकअप रात्री नेला की आणखी एक गर्दीची वेळ कमी होते. ही दोन्ही कामं नव्या स्विचच्या कोटेशनच्या आधी करून पाहण्याजोगी आहेत.

नव्या इमारतीत वायरिंग करून घेताना तर हे सारं एका पानावर मागता येतं. प्रत्येक मजल्यावरून मुख्य रॅकपर्यंत एकाऐवजी दोन कॅट-सिक्स-ए केबली आणि एक फायबर, भिंती उघड्या असतानाच. प्रत्येक केबलच्या चारही जोड्यांचा टेस्ट रिपोर्ट. दोन्ही स्विचवर अपलिंकच्या पोर्टला ठळक लेबल, म्हणजे पुढे कुणी त्या पोर्टला घाईत प्रिंटर लावणार नाही. आणि बिल चुकतं करण्याआधी, कंत्राटदाराच्या समोर, प्रत्येक मजल्यावरून सर्व्हरपर्यंत दोन्ही दिशांनी आयपर्फचा आकडा. तो ९४० आला की ९४, हे तिथल्या तिथे अर्ध्या मिनिटात कळतं.